लिफ्टचं कोटेशन शेवटच्या पानापासून वाचा

"नमस्कार. कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीची मी सेक्रेटरी. पार्किंग अधिक आठ मजले, ४४ फ्लॅट, दोन लिफ्ट, दोन्ही आठ माणसांच्या आणि ११ वर्षं जुन्या. देखभालीचा करार महिनाअखेर संपतो. तीन कोटेशनं आली आहेत. लिफ्ट बसवणारी मूळ कंपनी दोन्हींचे मिळून वर्षाला १,२४,००० रुपये मागते. कॉम्प्रिहेन्सिव्ह, दरवर्षी ८ टक्के वाढ, '६० मिनिटांत प्रतिसाद'. हडपसरची एक कंपनी कॉम्प्रिहेन्सिव्हच ८४,००० ला देते. ५ टक्के वाढ, '३० मिनिटांत प्रतिसाद'. तिसरी आमच्या जवळचीच; नॉन-कॉम्प्रिहेन्सिव्ह, ४०,०००, तीही ५ टक्के वाढ, प्रतिसाद 'लवकरात लवकर'. जीएसटी सगळ्यांवर वेगळा. कमिटीत बहुतेकांना दुसरी हवी आहे. पण जूनमध्ये सहाव्या मजल्यावरच्या आजी पन्नास मिनिटं लिफ्टमध्ये अडकल्या होत्या, म्हणून मला घाईने सही करवत नाही. तिन्ही कोटेशनांच्या प्रती आणि मशीन रूमचे फोटो जोडले आहेत. कसं ठरवायचं?"

नमस्कार ताई,

लिफ्टच्या देखभालीत माझी तेवीस वर्षं गेली, आणि त्या सवयीने तिन्ही कोटेशनं मी शेवटच्या पानापासून वाचली. पहिल्या पानावर रक्कम असते आणि 'कॉम्प्रिहेन्सिव्ह', म्हणजे सुट्या भागांसकट, हा शब्द ठळक छापलेला असतो. त्या शब्दात नेमकं काय बसतं ते शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात, 'करारात समाविष्ट नसलेले भाग' या मथळ्याखाली असतं. तुमच्या कमिटीने तीन रकमा शेजारी शेजारी मांडल्या आहेत. मी त्या तीन याद्या शेजारी मांडल्या.

मूळ कंपनीच्या यादीत सुट्या भागांपैकी एआरडीच्या, म्हणजे वीज गेल्यावर लिफ्ट मजल्यावर आणणाऱ्या यंत्रणेच्या बॅटऱ्या, केबिनचे आरसे व पत्रे, दिवे-पंखा आणि 'उत्पादन बंद झालेले भाग' एवढंच वगळलेलं आहे. हडपसरच्या कंपनीने मात्र रोप म्हणजे केबिन पेलणारे पोलादी दोर, मोटरचं वाइंडिंग, मोटरचा वेग सांभाळणारा ड्राइव्ह, लिफ्टचा मेंदू असलेल्या कंट्रोलरची सगळी कार्डं, दरवाजा उघडणारा-मिटणारा ऑपरेटर, ट्रॅव्हलिंग केबल आणि बॅटऱ्या वगळल्या आहेत. मग ८४,००० मध्ये उरलं काय? दरवाजाचे रोलर, लॉकचे कॉन्टॅक्ट, गाइड शूचे लायनर, कॉन्टॅक्टर, लिमिट स्विच, बटणं, ब्रेक लायनर, तेल आणि ग्रीस. हे भाग क्षुल्लक नाहीत, उलट रोजचे बहुतेक बिघाड यांतूनच होतात, विशेषतः दरवाजाच्या भागांतून. पण ते स्वस्त आहेत. ११ वर्षांच्या दोन लिफ्टना असे भाग वर्षाला साधारण १२,००० रुपयांचे लागतील असं मी धरतो. दुसरी कंपनी तिसरीपेक्षा वर्षाला ४४,००० रुपये जास्त घेते, आणि त्या जास्तीच्या पैशात देते ते हे १२,००० चे भाग. कमिटीला ती स्वस्त वाटते, कारण तिची तुलना फक्त पहिल्या कंपनीशी झाली.

आता पाच वर्षांचा हिशेब करू. एका वर्षाची रक्कम लिफ्टच्या बाबतीत फसवी असते, कारण महाग भाग चार-पाच वर्षांतून एकदा जातो आणि त्या एका वर्षी सगळं गणित उलटं करतो. जीएसटी तिघांनाही १८ टक्केच असल्यामुळे तो सगळीकडून बाजूला ठेवतो. भागांच्या किमती माझ्या अंदाजाच्या आहेत. तुम्ही प्रत्येक कंपनीकडून लेखी दर घ्या आणि माझ्या आकड्यांच्या जागी ते घाला.

तुमच्या लिफ्ट ११ वर्षांच्या आहेत, म्हणजे पुढच्या पाच वर्षांत दोन्हींचे रोप बदलायची वेळ येणार असं धरून चालावं. रोप कधी एकेक बदलत नाहीत, पूर्ण संच बदलतात, कारण जुन्या आणि नव्या रोपवर ताण सारखा येत नाही. संच आणि मजुरी मिळून एका लिफ्टचे ५०,००० धरले, म्हणजे दोन्हींचे १,००,०००. एका लिफ्टचा ड्राइव्ह एकदा, ५५,०००. कंट्रोलरचं मुख्य कार्ड एकदा, ३०,०००. दरवाजाचा एक ऑपरेटर, ३५,०००. एआरडीच्या बॅटऱ्या दोन-तीन वर्षं टिकतात, तेव्हा दोन्ही लिफ्टना दोनदा, दर वेळी लिफ्टमागे ८,०००, म्हणजे ३२,०००. या मोठ्या भागांची बेरीज २,५२,०००, आणि किरकोळ भागांचे पाच वर्षांचे ६०,००० वेगळे.

पहिल्या कंपनीची फी ८ टक्के वाढीने पाच वर्षांत ७,२७,००० होते, कारण पाचव्या वर्षी ती १,६८,००० च्या वर गेलेली असते. त्यात बॅटऱ्या मिळवल्या की ७,५९,०००. दुसरीची फी ४,६४,००० आणि वगळलेले भाग २,५२,०००, एकूण ७,१६,०००. तिसरीची फी २,२१,००० आणि सगळे भाग ३,१२,०००, एकूण ५,३३,०००.

म्हणजे ज्या पहिल्या दोन कोटेशनांत पहिल्या वर्षी ४०,००० चं अंतर दिसतं, त्यांच्यात पाच वर्षांनी मिळून ४३,००० चंच अंतर उरतं. मूळ कंपनीने वाढ ८ ऐवजी ५ टक्के मान्य केली तर तिची एकूण रक्कम ७,१७,००० वर येते आणि दोघी एका पातळीवर येतात. ही घासाघीस तुम्ही नक्की करा. मूळ कंपनी पहिल्या वर्षाच्या रकमेत फारशी हलत नाही, पण तीन वर्षांचा करार देऊ केला की वाढीच्या टक्केवारीत हलते, असा माझा अनुभव आहे.

नशीब वाईट निघालं आणि दुसऱ्या लिफ्टचाही ड्राइव्ह गेला, एखादी मोटर रिवाइंड करावी लागली, असं धरून आणखी दीड लाख घाला. दुसरी कंपनी ८,६६,००० वर जाते, तिसरी ६,८३,००० वर. तरीही तिसरी सर्वांत स्वस्त राहते. पण लगेच तिच्यावर शिक्का मारू नका, कारण या हिशेबात एक गोष्ट अजून आलेली नाही. भाग गेल्यावर लिफ्ट किती दिवस बंद राहते, ती ही गोष्ट.

नॉन-कॉम्प्रिहेन्सिव्ह करारात ड्राइव्ह जळाला की काय घडतं ते पाहा. मेकॅनिक येतो आणि ड्राइव्ह गेल्याचं सांगतो. कंपनी दोन दिवसांनी कोटेशन पाठवते. कमिटीतले कुणी गावाला गेलेले असतात, कुणी म्हणतं आणखी एक कोटेशन घ्या. चेकवर दोन सह्या व्हायला आठवडा जातो. कंपनी आगाऊ रक्कम मिळाल्यावरच माल मागवते. बदलायचं काम चार तासांचं, लिफ्ट बंद बारा दिवस. यात कुणाची लबाडी नसते, करारच तसा असतो. म्हणून तिसऱ्या कंपनीकडे जायचं असेल तर त्याआधी सर्वसाधारण सभेत ठराव करून घ्या की लिफ्टच्या तातडीच्या भागांसाठी ६०,००० रुपयांपर्यंतचा खर्च सेक्रेटरी आणि खजिनदार मिळून मंजूर करतील, आणि त्यासाठी दर वर्षी ६५,००० रुपये वेगळे काढून ठेवले जातील. ४४ फ्लॅटमध्ये ते महिन्याला फ्लॅटमागे सव्वाशेच्या आत बसतं. पैसे आधी बाजूला काढलेले नसतील तर रोपचं बिल येईल त्या महिन्यात सभेत भांडण होईल आणि झिजलेल्या रोपवर लिफ्ट चालत राहील. ते मला कुठल्याही सोसायटीत नको आहे.

त्या सभेत तळाच्या मजल्यांवरचे सभासद म्हणतील की आम्ही लिफ्ट वापरतच नाही. आदर्श उपविधींप्रमाणे लिफ्टच्या देखभालीचा आणि दुरुस्तीचा खर्च त्या इमारतीतल्या सर्व सभासदांत समान वाटला जातो, कोण वापरतं आणि कोण नाही हे त्यात पाहिलं जात नाही. तो मुद्दा तिथेच मिटवा.

आता सुट्या भागांतला सर्वांत अवघड प्रश्न. तुमच्या फोटोत कंट्रोलरच्या पेटीवर मूळ कंपनीचं नाव आहे, आतली कार्डंही तिचीच दिसतात. अशा कंट्रोलरची दोन वैशिष्ट्यं असतात. कार्ड बाहेरच्या बाजारात नवं मिळत नाही, आणि बऱ्याचदा कंपनीचं स्वतःचं सर्व्हिस टूल जोडल्याशिवाय आतली फॉल्टची नोंद वाचता येत नाही की सेटिंग बदलता येत नाही. बाजारात मिळणारा खुला कंट्रोलर असता तर मी तुम्हाला सरळ तिसऱ्या कंपनीकडे जा म्हटलं असतं. इथे तसं म्हणता येत नाही.

हे मी स्वतः भोगलेलं आहे. मी राहतो त्या सोसायटीत कमिटीने माझं न ऐकता स्वस्तातली एक कंपनी घेतली. पहिल्याच पावसाळ्यात कार्ड गेलं. कंपनीने ते काढून मुंबईला दुरुस्तीला पाठवलं, दुरुस्त होऊन आलं, दोन दिवस चाललं आणि परत गेलं. एकूण १९ दिवस लिफ्ट बंद. आमच्या शेजारच्या काकांचं डायलिसिस चालू होतं. आठवड्यातून तीनदा त्यांना दोघं मिळून खुर्चीवरून पाच मजले उतरवायचे आणि परत चढवायचे. त्या १९ दिवसांनंतर मी कुठल्याही सोसायटीला पहिला प्रश्न कार्डाचा विचारायला लावतो.

तुम्ही तो असा विचारा. दुसऱ्या आणि तिसऱ्या कंपनीला पाहणीसाठी बोलवा आणि मशीन रूममध्ये तुमच्यासमोर कंट्रोलरची गेल्या महिन्यातली फॉल्टची नोंद उघडून वाचून दाखवायला सांगा. ज्याला ती उघडता येते त्याच्याकडे टूल आहे किंवा ज्ञान आहे. जो म्हणतो 'ते आम्ही नंतर बघू', त्याला तुमच्या लिफ्टचा बिघाड अंदाजाने शोधावा लागणार. दुसरं विचारा, मुख्य कार्ड गेलं तर तुम्ही काय कराल? 'दुरुस्त करून आणू' असं उत्तर आलं तर विचारा की तेवढे दिवस लिफ्ट कशावर चालेल, तुमच्याकडे फिरतं कार्ड आहे का. 'जुन्या लिफ्टमधून काढलेलं बसवू' असं उत्तर आलं तर त्याची हमी किती महिन्यांची ते लिहून घ्या. 'पूर्ण कंट्रोलर बदलावा लागेल' हे उत्तर प्रामाणिक आहे, पण ते काम काही लाखांत जातं आणि लिफ्ट कित्येक दिवस बंद राहते. तशी शक्यता असेल तर वरच्या पाच वर्षांच्या हिशेबात ती रक्कम घालून पाहा, म्हणजे तिसऱ्या कंपनीचा स्वस्तपणा किती उरतो ते कळेल.

मूळ कंपनीलाही मोकळं सोडू नका. तिच्या यादीतलं 'उत्पादन बंद झालेले भाग' हे कलम ११ वर्षांच्या लिफ्टसाठी धोक्याचं आहे. उद्या कार्ड गेलं आणि कंपनी म्हणाली की हे मॉडेल आता बनत नाही, तर कॉम्प्रिहेन्सिव्ह करार हातात असूनही नव्या कंट्रोलरचं कोटेशन तुमच्या पुढ्यात येईल. त्यांच्याकडून लेखी घ्या की तुमच्या मॉडेलचे ड्राइव्ह आणि कार्ड कराराच्या तीन वर्षांत उपलब्ध राहतील, आणि नाही राहिले तर पर्यायी भाग त्याच फीमध्ये बसवून दिला जाईल. हे त्यांनी लिहून दिलं नाही, तर १,२४,००० मधला सर्वांत मोलाचा भाग गळून पडतो.

रोपबद्दल आणखी एक. तुमच्या फोटोंपैकी तिसऱ्यात, डाव्या मशीनच्या रोपवर तांबूस भुकटी बसलेली दिसते. ती साधी धूळ नसावी. रोपच्या आतल्या तारा एकमेकींवर घासून झिजू लागल्या आणि वंगण सुकलं की अशी गंजासारखी भुकटी बाहेर येते. पाहणीला येणाऱ्या प्रत्येकाला रोपचा व्यास मोजून, तुटलेल्या तारा मोजून तुमच्या रजिस्टरमध्ये लिहायला सांगा. आणि ज्या चाकावरून रोप फिरतात त्या शीव्हच्या खाचा पाहायला सांगा. खाचा झिजल्या असतील तर रोप त्यांत खोल बसतात. तशा शीव्हवर नवे रोप चढवले तर तेही लवकर खराब होतात. रोप करारात आहेत पण शीव्ह नाही, असं बरेचदा असतं. मूळ कंपनीच्या यादीत शीव्हचा उल्लेखच नाही, ना आत ना बाहेर. तो आत असल्याचं लिहून घ्या.

ही पाहणी करार संपायच्या आधी का हवी तेही सांगतो. नवी कंपनी काम हाती घेतल्यावर पहिल्या महिन्यात 'आधीच्यांनी नीट ठेवलं नव्हतं' म्हणून ५०-६० हजारांच्या दुरुस्तीचं पत्र देते. खराब काय आहे ते पाहणीत, सही करण्याआधीच लिहून घेतलं तर तो खर्च तुलनेत धरता येतो. सहीनंतर आलं तर तुम्हाला पर्याय उरत नाही.

आता आजींचा विषय. तिन्ही कोटेशनांत 'प्रतिसाद' हा एकच शब्द आहे, पण तो तीन वेगळ्या वेळा झाकतो. फोन केल्यापासून मेकॅनिक दारात येईपर्यंतची एक वेळ. आल्यापासून लिफ्ट परत चालू होईपर्यंतची दुसरी. आणि माणूस आत अडकलेला असताना त्याला बाहेर काढेपर्यंतची तिसरी. करारात या तिन्ही वेगळ्या लिहिलेल्या हव्यात. तुमच्या पहिल्या कोटेशनात ६० मिनिटांच्या खाली 'कामकाजाच्या वेळेत' अशी ओळ आहे, आणि ती वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी साडेपाच दिली आहे. रात्री ९ वाजता कुणी अडकलं तर तो आकडा लागूच होत नाही. दुसऱ्या कोटेशनात वेळेची अट नाही, पण ३० मिनिटं कशापासून मोजायची हेही नाही. फोन उचलून 'माणूस पाठवतो' म्हणणं हाही प्रतिसादच धरला जाऊ शकतो.

शिवाय अंतर आहे. हडपसर ते कोथरूड म्हणजे शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. संध्याकाळी सहा-सात वाजता ते अर्ध्या तासात होत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. कंपनीचं ऑफिस कुठे आहे यापेक्षा तुमच्या भागाचा मेकॅनिक कुठे राहतो आणि त्याच्याकडे किती लिफ्ट आहेत हे विचारा. एका माणसाकडे ८० लिफ्ट असतील तर महिन्याच्या २५ कामाच्या दिवसांत त्याला रोज तीनहून जास्त सर्व्हिसिंग करावी लागतात आणि बिघाडाचे फोन त्यावर. एका लिफ्टचं महिन्याचं सर्व्हिसिंग नीट करायचं तर तास तरी जातो. मशीन रूम, केबिनचं छप्पर, प्रत्येक मजल्यावरचं दाराचं लॉक आणि शाफ्टच्या तळाचा खड्डा म्हणजे पिट, एवढं पाहायचं असतं. ज्याच्यावर असा भार आहे तो वीस मिनिटांत सही घेऊन जातो, आणि दाराचा झिजलेला रोलर तसाच राहतो. पुढच्या महिन्यात त्याच रोलरपायी कुणीतरी अडकतं. प्रतिसादाची वेळ आणि सर्व्हिसिंग हे एकच प्रकरण आहे.

कंपनीच्या शब्दापेक्षा तिच्या सध्याच्या ग्राहकांचं रजिस्टर जास्त खरं बोलतं. प्रत्येक कंपनीकडून तुमच्या दोन-तीन किलोमीटरच्या परिघातल्या तीन सोसायट्यांचे पत्ते घ्या, तिथल्या सेक्रेटरींना भेटा आणि वॉचमनच्या केबिनमधलं लिफ्टचं रजिस्टर पाहा. तक्रार किती वाजता केली आणि मेकॅनिक किती वाजता आला हे जिथे लिहिलेलं असतं, तिथे सहा महिन्यांच्या नोंदी पाहिल्या की सगळं कळतं. एकाच लिफ्टची एकच तक्रार महिन्यात तीनदा आली असेल तर वेळेवर येऊनही काम होत नाही असा त्याचा अर्थ. आणि एका रविवारी रात्री दहाला तिन्ही कंपन्यांच्या तातडीच्या नंबरवर फोन करा. माणूस उचलतो का, आणि त्याला तुमच्या भागात रात्रपाळीला कोण आहे ते सांगता येतं का, एवढंच पाहायचं.

करारात मी या वेळा लिहायला लावेन: माणूस अडकला असेल तर दिवसा-रात्री कधीही ३० मिनिटांत मेकॅनिक हजर, नुसता बिघाड असेल तर दोन तासांत, किरकोळ भागांचा बिघाड त्याच दिवशी दुरुस्त, ड्राइव्ह-कार्डासारखा मोठा भाग ७२ तासांत. तिसरी कंपनी जवळची असल्यामुळे पहिली अट तिला सोपी जावी. 'लवकरात लवकर' हे शब्द मात्र खोडायला लावा.

दंडाच्या कलमावर कमिटी बराच वेळ घालवेल. त्याची मर्यादा ओळखा. पहिल्या कंपनीची एका लिफ्टची फी दिवसाला जेमतेम १७० रुपये पडते. लिफ्ट दहा दिवस बंद राहिली आणि त्या प्रमाणात फी कापली तर १,७०० रुपये. त्याने कुणाला जाग येत नाही. वर्षाची फी आगाऊ न देता तिमाही द्यायची, आणि तीन महिन्यांत दोनदा वेळ चुकली तर ३० दिवसांच्या नोटिशीने करार मोडायचा हक्क सोसायटीला राहील असं लिहायचं. याचा उपयोग जास्त होतो. 'मुदत संपल्यावर करार आपोआप पुढे चालू राहील' अशी ओळ दुसऱ्या कोटेशनात आहे, ती काढून टाका.

अडकलेल्या माणसाचा पहिला अर्धा तास तुमच्या वॉचमनच्या हातात असतो, म्हणून हे करारात नसलं तरी घाला: वर्षातून दोनदा कंपनीने वॉचमन आणि दोन-तीन सभासदांना अशा वेळी काय करायचं ते प्रत्यक्ष शिकवावं. एआरडी असली तरी ती वीज गेल्यावर लिफ्ट जवळच्या मजल्यावर आणते. लॉकचा किंवा कंट्रोलरचा बिघाड असेल तर तिचा उपयोग होत नाही. आणि दोन मजल्यांमध्ये अडकलेल्या केबिनमधून माणसाला ओढून बाहेर काढायचं नाही, हे प्रत्येक वॉचमनला पाठ असलं पाहिजे. केबिनखाली मोकळा शाफ्ट असतो, पाय घसरला की माणूस थेट खाली जातो. असे अपघात घडलेले आहेत. लिफ्ट बंद पडून आत बसलेला माणूस सुरक्षित असतो. त्याच्याशी बोलत राहायचं, पंखा चालू आहे का विचारायचं आणि मेकॅनिकची वाट पाहायची. मेन स्विच बंद करून, ब्रेक सोडून केबिन हाताने मजल्यावर आणणं हे शिकलेल्या माणसाचंच काम. बाहेरून दार उघडायची त्रिकोणी चावी वॉचमनच्या खिळ्याला टांगलेली असेल तर आजच काढून कुलपात ठेवा.

आजींच्या पन्नास मिनिटांची नोंद रजिस्टरमध्ये आहे का पाहा. त्या दिवशीचं कारण सध्याच्या कंपनीकडून लेखी मागा. कारण दाराचं लॉक निघालं तर प्रश्न सर्व्हिसिंगचा आहे, कार्ड निघालं तर भागांचा. निवडीवर याचा परिणाम होतो.

पावसाळ्यापुरतं एक: तिन्ही कंपन्यांनी पिटमध्ये पाणी शिरून झालेलं नुकसान आणि उंदरांनी कुरतडलेल्या केबली वगळल्या आहेत. यात त्या वाजवी आहेत, ती जबाबदारी सोसायटीची. पिटचं वॉटरप्रूफिंग आणि मशीन रूमच्या खिडकीची जाळी करारावर सही होण्याआधी करून घ्या, म्हणजे पुढे यावरून वाद होणार नाही.

माझं मत विचारत असाल तर दुसरं कोटेशन आहे तसं घेऊ नका. त्यांनी रोप, ड्राइव्ह आणि कार्डं वगळलेल्या यादीतून काढली आणि फॉल्टची नोंद तुमच्यासमोर वाचून दाखवली, तरच त्यांच्याशी पुढे बोला. तिसरी कंपनी कंट्रोलरच्या परीक्षेत उतरली, भागांचे दर तीन वर्षांसाठी लिहून द्यायला तयार झाली आणि सभेने निधी मंजूर केला, तर मी तिच्याकडे जाईन. जवळ असणं आणि वाचणारे पैसे दोन्ही तुमच्या बाजूने आहेत. यातली एकही अट राहिली तर मूळ कंपनी, ५ टक्के वाढीवर, तीन वर्षांसाठी, भागांच्या उपलब्धतेच्या लेखी हमीसह. तिसरीच्या मानाने ते वरच्या पाच वर्षांच्या हिशेबाने फ्लॅटमागे महिन्याला सरासरी सुमारे ७० रुपयांनी महाग पडेल, आणि तुमचा कंट्रोलर खुला नाही, मूळ कंपनीचाच आहे, हे पाहता मला ते पटतं.

सही कुणाचीही घ्या, आधी विद्युत निरीक्षकांकडचा त्यांचा लिफ्ट देखभालीचा परवाना मागून त्याची मुदत तपासा. आणि कंपनी बदलणार असाल तर शेवटच्या दिवशी जुन्या कंपनीकडून वायरिंगचे नकाशे, कंट्रोलरचा पासवर्ड असल्यास तो, मशीन रूमच्या आणि दाराच्या चाव्या आणि सर्व्हिसिंगची रजिस्टरं सहीनिशी ताब्यात घेऊनच त्यांचं शेवटचं बिल द्या.